सहनमर्यादा आवळली, तरी उत्तर जागचे हलेना

आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली आणि सध्या विज्ञान शाखेत पदवीचे शिक्षण घेत असलेली एक विद्यार्थिनी सुटीत शाळेत आली असता तिने एक शंका पुढे ठेवली. धूमकेतूच्या स्थानाचे एक गणित ती संगणकाच्या तक्त्यावर पुनरावृत्तीच्या पद्धतीने सोडवीत होती. लागोपाठच्या दोन उत्तरांतील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की थांबायचे, असा पाठ्यपुस्तकातील नियम. या मर्यादेला सहनमर्यादा म्हणतात. तिने ती प्रथम ०.०००१ ठेवली, मग ०.००००१, मग ०.०००००१. उत्तर प्रत्येक वेळी तेच आले, ०.०७२४. पुस्तकामागील उत्तर मात्र ०.०७३८ होते. "मी मर्यादा शंभरपट कडक केली, तरी उत्तर एका अंकानेही सुधारले नाही, हे कसे?" असा तिचा प्रश्न होता. गणिताच्या शिक्षकांसमवेत बसून तिला आम्ही जे उत्तर दिले, ते येथे विस्ताराने मांडीत आहोत. पुनरावृत्तीची गणिते करणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींना हीच अडचण येते, हे त्याचे कारण.

प्रथम गणित काय होते ते पाहू. धूमकेतू होता हॅलेचा. १९८६ साली तो येऊन गेल्याचे वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर होता, आणि आता पुन्हा २०६१ मध्ये येईल. त्याची कक्षा अतिशय लांबट आहे. लांबटपणाचे माप म्हणजे उत्केंद्रता. वर्तुळाची उत्केंद्रता शून्य, मंगळाच्या कक्षेची सुमारे ०.०९३, आणि हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७. अशा कक्षेत धूमकेतूची गती एकसारखी नसते. सूर्याजवळ तो धावतो, दूर गेल्यावर रेंगाळतो. म्हणून अमुक दिवशी तो कोठे असेल हे सरळ त्रैराशिकाने काढता येत नाही.

योहानेस केप्लरने यासाठी दोन कोन योजले. पहिला M, हा निव्वळ काळाचा कोन. धूमकेतूच्या सुमारे ७६ वर्षांच्या एका फेरीत तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकसारख्या गतीने एक पूर्ण वळसा घेतो. दुसरा E, ज्यावरून कक्षेतील प्रत्यक्ष स्थान मिळते. दोहोंचे नाते असे आहे:

```
M = E - e sin E
```

यात e म्हणजे उत्केंद्रता, आणि कोन रेडियनमध्ये मोजायचे. E माहीत असेल तर M क्षणात मिळतो. आपल्याला मात्र उलटे हवे असते. दिवस ठाऊक आहे म्हणून M ठाऊक आहे, E शोधायचा आहे, आणि तो एकाच वेळी स्वतः एकटा आणि ज्या फलाच्या पोटात अडकलेला असा दोन ठिकाणी असल्यामुळे बीजगणिताने सुटा होत नाही. १६०९ च्या आपल्या ग्रंथात केप्लरने ही अडचण उघडपणे नोंदवून भूमितिज्ञांना ती सोडविण्याचे आवाहन केले होते. व्यवहारात तो अंदाज घेऊन तो सुधारीत जाण्याचा मार्ग वापरी. समीकरण E = M + e sin E असे मांडायचे, उजवीकडे एखादा अंदाज घालायचा, जे येईल ते पुन्हा उजवीकडे घालायचे, आणि असे करीत राहायचे.

विद्यार्थिनीच्या गणितात M = ०.००२५ होता. म्हणजे उपसूर्य बिंदूनंतर सुमारे अकरा दिवस, २० फेब्रुवारी १९८६ च्या सुमाराची स्थिती. तिने तक्त्याच्या पहिल्या घरात शून्य लिहिले आणि दुसऱ्या घरात हे सूत्र घालून ते खाली ओढत नेले:

```
=ROUND(0.0025+0.967*SIN(A1),4)
```

उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत मागितले आहे, म्हणून प्रत्येक पायरी चार स्थळांपर्यंतच ठेवावी, असा तिचा विचार होता. या ROUND कडे आपण नंतर येऊ. त्याआधी थांबण्याच्या नियमाकडे पाहिले पाहिजे, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे.

लागोपाठच्या दोन उत्तरांतील फरक म्हणजे शेवटचे पाऊल. आणि त्रुटी म्हणजे अजून चालायचे राहिलेले अंतर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहनमर्यादेचा नियम पावलावर नजर ठेवतो. आपल्याला काळजी असते ती उरलेल्या अंतराची. पाऊल लहान झाले म्हणजे मुक्काम जवळ आला, हे अनुमान कधी बरोबर ठरते आणि कधी सपशेल चुकते, हे चालणाऱ्याच्या चालीवर अवलंबून असते.

मंगळाच्या बाबतीत ते बरोबर ठरते. तेथे प्रत्येक पुनरावृत्तीत त्रुटी फार तर ०.०९३ पट उरते, म्हणजे दहावा हिस्सादेखील नाही. उरलेले अंतर शेवटच्या पावलाच्या फार तर एकदशांश असते. पाऊल ०.०००१ पेक्षा लहान झाले की उत्तर त्याहूनही दहापट अचूक आहे, असे खुशाल समजावे. पाठ्यपुस्तकातील बहुतेक उदाहरणे अशीच वेगाने पोहोचणारी असतात. म्हणून नियम खरा वाटतो, आणि त्याच्या पोटातील अट कोणी बोलून दाखवीत नाही.

धूमकेतूच्या बाबतीत चाल अगदी निराळी आहे. येथे प्रत्येक फेरीत त्रुटी e cos E इतक्या पटीने लहान होते. E हा ०.०७३८ च्या जवळ असताना हा गुणक ०.९६४४ येतो. म्हणजे शंभर भाग अंतर उरले असेल तर एका फेरीनंतर अजून साडेशहाण्णव भाग उरतेच. उरलेल्या वाटेचा जेमतेम अठ्ठाविसावा हिस्सा दररोज चालणारा एखादा वाटसरू डोळ्यांपुढे आणावा. आज तो एक कोस चालला असेल, तर आणखी सत्तावीस कोस शिल्लक आहेत. उद्या त्याचे पाऊल आणखी लहान पडेल, परवा त्याहून लहान. त्याचे लहान पाऊल मुक्काम जवळ आल्याची जेवढी खूण आहे, तेवढीच तो मंद असल्याचीही आहे.

हिशेब साधा आहे. त्रुटी दर फेरीस r पट उरत असेल, तर शेवटच्या पावलानंतर उरलेले अंतर हे त्या पावलाच्या r ÷ (१ − r) पट असते. येथे ०.९६४४ ला ०.०३५६ ने भागले की सुमारे २७ येतात. ROUND काढून टाकून, सर्व अंक ठेवून हीच गणना केली तर नव्वदच्या आसपास फेऱ्या झाल्यावर पाऊल प्रथमच ०.०००१ च्या खाली जाते. तेव्हा हातातील E असतो सुमारे ०.०७११. खरे उत्तर ०.०७३८. फरक ०.००२७, म्हणजे सहनमर्यादेच्या बरोबर सत्तावीस पट. मर्यादा ०.०००००१ केली तर उत्तर ०.०७३७७ च्या जवळ जाते. त्रुटी सुधारली, पण ती अजूनही मर्यादेच्या सत्तावीस पटच आहे. सर्व अंक ठेवलेले असताना सहनमर्यादा आवळण्याचा उपयोग निश्चित होतो. फक्त मर्यादा म्हणजे अचूकतेची हमी नव्हे.

मग विद्यार्थिनीचे उत्तर ०.०७२४ वर का खिळले? आता ROUND कडे येऊ.

चार दशांश स्थळांच्या गणनेत सर्वांत लहान पाऊल ०.०००१ चे असते. त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ०.००००५ हून लहान असे जे काही असेल, ते जवळच्या अंकात बसविताना पुसले जाते. आता ०.०७२३ हा अंदाज सूत्रात घालून पाहा. येते ०.०७२३५३. चार स्थळांपर्यंत ते ०.०७२४ होते, म्हणजे गणना एक घर पुढे सरकते. आता ०.०७२४ घाला. येते ०.०७२४४९६५. पाऊल ०.००००४९६५, मर्यादेच्या अगदी किंचित खाली. चार स्थळांपर्यंत ते पुन्हा ०.०७२४ होते. झाले! वाटसरूला पुढे जायचे आहे, त्याने पाय उचललाही आहे, पण प्रत्येक वेळी त्याला उचलून मूळ जागी ठेवले जाते. येथून पुढे लागोपाठच्या उत्तरांतील फरक नुसता लहान नसतो, तो तंतोतंत शून्य असतो. आणि शून्य हे कोणत्याही सहनमर्यादेहून लहानच. ती ०.०००१ ठेवा की त्याच्या कोट्यंश ठेवा, नियमाचे समाधान एकाच जागी होणार. मर्यादा आवळल्याने काही फरक पडला नाही, कारण आवळायला तेथे फरक नावाची वस्तूच उरली नव्हती.

हा थांबा खऱ्या उत्तरापासून किती दूर पडतो हेही आधी सांगता येते. पाऊल हे त्रुटीचा अठ्ठाविसावा भाग आहे. पाऊल ०.००००५ च्या खाली गेले की पुसले जाते. म्हणून त्रुटी ०.००००५ च्या अठ्ठावीस पट, म्हणजे ०.००१४ असतानाच गाडी थांबते. आणि ०.०७३८ वजा ०.००१४ म्हणजे ०.०७२४. पुस्तकाचे उत्तर आणि विद्यार्थिनीचे उत्तर यांतील फरकाचा हिशेब असा अंकास अंक जुळतो.

चौकस वाचक विचारील की, अंक गाळलेली गणना ०.०७२४ पर्यंत पोहोचली, आणि सर्व अंक ठेवलेली गणना ०.०००१ या मर्यादेवर ०.०७११ वरच थांबली, तर अंक गाळणे फायद्याचेच नाही का ठरले? तसे नाही. ०.००००५ आणि ०.०००१ यांमधील पावले ROUND मुळे फुगून पूर्ण ०.०००१ ची होतात, म्हणून ती गणना थोडी पुढे रेटली गेली. तो केवळ योगायोग. सर्व अंक ठेवलेली गणना मर्यादा आवळून पुढे नेता येते. दुसरी तेथून हलत नाही.

हे खिळणे ओळखायचे कसे, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. पुस्तकामागे उत्तर नसेल तेव्हा काय करायचे? उत्तर समीकरणात परत घालून पाहावे, असे प्रथम सुचते. पण येथे तो उपाय फसवा आहे. ०.०७२४ हे E - e sin E मध्ये घातले तर ०.००२४५०३ येते, हवे होते ०.००२५. फरक ०.००००५ हून कमी, चार स्थळांच्या दृष्टीने शून्यच. हे घडणारच होते, कारण समीकरणातील ही तूट म्हणजे तेच पाऊल, निराळ्या वेषात आलेले. ज्या साक्षीदाराने एकदा दिशाभूल केली त्यालाच नाव बदलून पुन्हा उभे करण्यासारखे ते आहे.

खरी कसोटी म्हणजे दुसऱ्या बाजूने येणे. आम्ही तिला शून्याऐवजी ०.१ पासून आरंभ करायला सांगितले. या वेळी उत्तरे वरून खाली उतरत आली आणि ०.०७५१ वर थांबली. तेथेही फरक तंतोतंत शून्य. एकाच समीकरणाची, एकाच सूत्राने, शून्य फरकाची दोन उत्तरे! मग तिने मधले आकडे एकेक करून घालून पाहिले. ०.०७२४ पासून ०.०७५१ पर्यंत चार स्थळांचे जे अठ्ठावीस आकडे आहेत, त्यांपैकी कोणताही घातला तरी तोच परत येतो. खरे उत्तर या अठ्ठाविसांपैकी एक आहे, पण चार स्थळांच्या गणनेला ते ओळखण्याचे साधनच नाही. आमच्या मते सगळ्या चर्चेत तिला पटले ते या क्षणी. सूत्राने जे पटत नव्हते ते त्या रांगेने पटविले.

या फरकाचे प्रत्यक्षात मोल किती, हेही पाहावे. M मधील ०.००००५ ची तूट म्हणजे सुमारे पाच तासांचा काळ. ०.०७२४ हे उत्तर धूमकेतू पाच तास आधी जेथे होता ती जागा दाखविते. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला पन्नास किलोमीटरहून अधिक असतो. म्हणजे चुकामूक जवळजवळ दहा लाख किलोमीटरांची.

उपाय तीन आहेत, पण तिन्ही एका तोलाचे नाहीत. पहिला आणि अपरिहार्य म्हणजे मधल्या पायऱ्यांत अंक न गाळणे. तक्त्यात आकडा चार स्थळांचा दिसावा एवढेच हवे असेल, तर घराची मांडणी बदलावी. त्याने दिसणे बदलते, आत साठविलेला आकडा पूर्णच राहतो. ROUND मात्र आतला आकडाच कापतो. तक्ता साधारण पंधरा-सोळा सार्थ अंक बाळगतो. खिळण्याची जागा तेथेही असते, आणि तीही त्या शेवटच्या अंकाच्या पटीत सरकलेली असते, पण इतक्या लांबच्या स्थळी की या कामाला तिची बाधा नाही.

दुसरा उपाय पावलांच्याच साह्याने उरलेले अंतर मोजण्याचा. सर्व अंक ठेवून ०.०७१० पासून दोन फेऱ्या केल्या तर पावले पडतात ०.००००९९३३ आणि ०.००००९५८१. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ०.९६४६ मिळतात. गुणक काढायला कोणतेही सूत्र लागले नाही, चालीनेच तो सांगितला. त्यावरून उरलेले अंतर शेवटच्या पावलाच्या सुमारे २७.२ पट, म्हणजे ०.००२६. ते हातातील ०.०७१२ मध्ये मिळविले की ०.०७३८. शंभरावर फेऱ्या ज्यासाठी लागल्या असत्या ते दोन फेऱ्यांत आणि एका भागाकारात झाले. ही युक्ती एटकिन या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १९२६ मध्ये मांडली. जपानच्या सेकी ताकाकाझूने सतराव्या शतकातच पायचे मूल्य काढण्यासाठी हीच वाट धरली होती. तिला या रीतीचा दुहेरी उपयोग आहे. उत्तर सुधारायचे नसले तरी दोन पावलांचे गुणोत्तर पाहावे. ते ०.१ च्या जवळ असेल तर थांबण्याचा नियम बिनधास्त वापरावा; ०.९ च्या पुढे असेल तर सहनमर्यादा हव्या असलेल्या अचूकतेहून तेवढ्याच पटीने लहान ठेवावी. येथे चार स्थळे खात्रीची हवी असतील, तर त्रुटी ०.००००५ च्या आत आणण्यासाठी मर्यादा ०.०००००१८ हून लहान हवी.

अंक गाळलेल्या गणनेवर मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे शेवटची पावले ०.०००१, ०.०००१, ०.०००१ आणि एकाएकी शून्य अशी येतात, आणि त्यांच्या गुणोत्तराला काही अर्थ नसतो. गुणोत्तर असे अडखळू लागले की अंक अपुरे पडत आहेत, हे समजावे.

तिसरा उपाय न्यूटनच्या रीतीचा. समीकरणातील तुटीला १ - e cos E ने भागून तेवढी दुरुस्ती करायची. शून्यापासून निघाले तरी पहिली फेरी ०.०७५८ वर, दुसरी ०.०७३८ वर नेते, आणि तिसरीत चौथे स्थळ बदलत नाही. विद्यार्थिनीने लगेच विचारले, की मग ROUND ठेवूनही हीच रीत वापरली तर? त्याचे उत्तर तिने आमच्यासमोरच काढले. e sin E चार स्थळांपर्यंत कापले की तूट ०.००००५ पर्यंत चुकीची असू शकते, आणि १ - e cos E म्हणजे ०.०३५६ ने भागल्यावर ती चूक ०.००१४ होते. नेमका पूर्वीचाच आकडा. रीत वेगवान झाली म्हणजे फेऱ्या वाचतात. कापून टाकलेले अंक परत येत नाहीत. तिने सूत्रातील ROUND पुसला, घराची मांडणी चार स्थळांची केली, आणि तक्ता खाली ओढत नेला. सुमारे दोनशे ओळींनंतर ०.०७३८ दिसू लागले, आणि ०.१ पासून उतरत आलेली दुसरी रांगही तेथेच येऊन मिळाली.